बारा बाय पंधराचा फोटो

आमच्या दुकानात येणाऱ्या माणसाला मी आधी चहा विचारत नाही, मोबाईल मागते. सावेडीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. सासऱ्यांनी तो गावात, जुन्या पेठेत सुरू केला होता. नंतर वस्ती इकडे सरकली तसे आम्हीही सरकलो. सासरे गेले, नवरा नोकरीत रमला आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. मी ते आवडीनं गळ्यात घालून घेतलं हेही खरं. पण हल्ली कॅमेऱ्यानं फोटो काढण्याचं काम कमी आणि लोकांनी मोबाईलवर काढलेले फोटो निस्तरण्याचं काम जास्त, अशी गत आहे.

निस्तरणं हाच शब्द बरोबर आहे. माणूस येतो, मोबाईल पुढे करतो. शंभर जणांचा घोळका असतो, त्यात तिसऱ्या रांगेत एक टोपी दिसते. टोपीवर दोन बोटं ठेवून तो ती फाकवतो आणि म्हणतो, "एवढाच पाहिजे. मोठा करून द्या." बोटं फाकवली की फोटो मोठा होतो, अशी सगळ्यांची समजूत झाली आहे. मी म्हणते, "दादा, पोळी लाटण्यानं कितीही लाटली तरी पीठ तेवढंच राहतं. भोकं पडतात फक्त." तो हसतो आणि म्हणतो, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये होत असेल की." माझं डोकं तिथेच फिरतं.

म्हणून मी काउंटरवर एक छोटा प्रयोग करून दाखवते. माझ्या आताच्या फोनला लांबचं पाहणारी वेगळी काच, म्हणजे लेन्स, आहे. तीनपटचं बटण दाबलं की फोन नेहमीची मधली काच सोडून त्या काचेतून बघतो. तो खरा झूम, कारण समोरचं दृश्य काचेनंच मोठं करून आत आणलेलं असतं. पण उजेड कमी असला की हाच फोन लबाडी करतो. बटण तीनपटचं दाबलेलं असतं, पण तो मधल्याच काचेतून घेतो आणि कापून मोठं करून दाखवतो. ओळखायचं कसं? लांबच्या काचेवर बोट ठेवायचं. स्क्रीन काळी झाली तर फोन खरं बोलतोय. काळी झाली नाही तर समजायचं की कात्री चालवलीय. हे मी इतक्या जणांना दाखवलंय की शेजारचा झेरॉक्सवाला मला 'काचवाल्या बाई' म्हणतो.

सांगायचं तात्पर्य, या बाबतीत मी स्वतःला फार शहाणी समजत होते. आत्याबाई आल्या त्या दिवसापर्यंत.

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची चुलत आत्या. पारनेर तालुक्यातल्या एका गावात राहतात, राळेगणच्या अलीकडे. घरी दोन म्हशी, थोडी शेती, मुलगा डेअरीत. त्यांच्या यजमानांना आमच्यात मामा म्हणत. मामा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आत्याबाई एकट्या एसटीनं माळीवाड्याला उतरल्या, तिथून रिक्षा करून दुकानात आल्या आणि पंख्याखाली बसल्या. पिशवीतून खव्याचा डबा काढून काउंटरवर ठेवला. मग कमरेची पिशवी सोडून मोबाईल काढला. मुलानं नवा घेतला तेव्हा जुना यांच्याकडे आला होता, कोपऱ्यात काच तडकलेली.

"ह्यातला माझा फोटू मोठा करून दे," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या फोटूएवढा. शेजारी लावायचाय."

मामांचा भिंतीवरचा फोटो मीच केला होता. बारा बाय पंधरा इंचाचा, लाकडी फ्रेम. बँकेच्या पासबुकासाठी मामा एकदा स्टुडिओत आले होते, तेव्हा मी मोठ्या कॅमेऱ्यानं, समोर बसवून, दिवे लावून काढला होता. पासबुकाला अंगठ्याएवढा फोटो लागला, पण मूळ फोटोत माल भरपूर होता. म्हणून ते गेल्यावर त्याचा मोठा केला तरी मिशीचा केस न् केस दिसला. चेहरा मात्र असा की बँकेचा साहेब समोर उभा आहे. मामा फोटोत कधी हसत नसत.

मी आत्याबाईंच्या मोबाईलमधला फोटो बघितला. छोट्या स्क्रीनवर छान दिसत होता. आत्याबाई लग्नात खुर्चीवर बसलेल्या, हिरवं लुगडं, नाकात नथ, तोंडभर हसू. फोटो डोक्यापासून कमरेपर्यंतचा, उभा. मी बोटं फाकवली आणि चेहरा विरघळला. डोळ्यांच्या जागी दोन काळपट डाग, नथ म्हणजे एक पिवळा ठिपका, कपाळ मेणासारखं गुळगुळीत. मोबाईलनं आपल्या मनानं घासूनपुसून घेतलेलं.

"कुणी काढलाय हा?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, हे मला नंतर कळलं. "लांब उभं राहून नुसती बोटं फाकवलीत. चार पावलं पुढे जायला काय झालं होतं? पाय मोडले होते का?"

आत्याबाईंनी माझ्याकडे शांतपणे बघितलं.

"तूच काढलाय की," त्या म्हणाल्या.

मी तारीख बघितली. त्या संगमनेरच्या लग्नातली होती. नवऱ्याच्या नात्यातलं लग्न, मोठं कार्यालय, आणि मी घरातून निघतानाच जाहीर केलं होतं की आज मी पाहुणी आहे, कॅमेरा आणणार नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला लग्नात कुणी नुसतं जेवू देत नाही, "एवढा एक काढा" म्हणून सतत उठवतात. त्यामुळे मी हटून रिकाम्या हातानं गेले. भरजरी साडी, नवी चप्पल आणि चप्पल चावलेली. शेवटी मी कार्यालयाच्या मागच्या भिंतीशी कूलरजवळ बसले होते. पुढे स्टेजच्या कडेला, माझ्याकडे तोंड करून मांडलेल्या खुर्च्यांच्या रांगेत आत्याबाई दिसल्या. इतक्या खुलून हसत होत्या की मला राहवलं नाही. त्यांनी मला बघितलं आणि हात हलवून बोलावलंसुद्धा, "ये की हिकडं, जवळून काढ." मी बसल्या जागेवरून ओरडले होते, "येतोय इथूनच. झूम आहे मोबाईलला."

तेव्हाचा माझा फोन स्वस्तातला होता. त्याच्या पाठीवर कॅमेऱ्याची तीन भोकं होती आणि दुकानदारानं तीन कॅमेरे म्हणून विकला होता. त्यातलं एक भोक नखाएवढ्या वस्तूंचे फोटो काढायचं, एक नुसतं नावाला. लांबचं बघणारी काच एकही नव्हती. म्हणजे दहापट झूम केला तरी बघणारी काच तीच, जागा तीच. फोन फक्त रुंदीचा आणि उंचीचा मधला दहावा भाग कापून ताणून देणार. लोकांना रोज हे समजावून सांगणारी मी, चप्पल चावली म्हणून मागे बसून बोटं फाकवली. आंधळं दळतंय म्हणतात ते मीच दळलं होतं.

मी हिशेब मांडला. उभ्या फोटोत रुंदीला तीन हजार ठिपके, म्हणजे पिक्सेल, आणि उंचीला चार हजार. दहापट झूम केला की खरे उरले तीनशे आणि चारशे. फोन पुन्हा फुगवून तीन हजार करून ठेवतो, म्हणून फाइल मोठी दिसते आणि माणूस फसतो. बारा इंच रुंद फोटोला तीनशे ठिपके म्हणजे इंचाला पंचवीस. आम्ही इंचाला दोनशे तरी मागतो. ओढूनताणून शंभरावर चालवतो. म्हणजे या फोटोचा सुबक प्रिंट निघाला तर दीड-दोन इंचाचा, फार तर तीन इंच रुंद. त्याच्या पुढे घोटाळा.

"आत्याबाई, हा मोठा होत नाही," मी म्हणाले. "चुकी माझी आहे. मी भरून देते. आत्ता बसा स्टुडिओत, दिवे लावते, मामांच्या फोटोसारखा लख्ख काढते. एक पैसा घेणार नाही."

"आत्ताचा नको," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मला कारण कळलं. त्या फोटोत कपाळावर कुंकू होतं, आणि आता मामा नव्हते. मी दार लोटून हळू आवाजात म्हणाले, "कुंकू लावून बसा. माझ्याकडे आहे. कुणाला सांगायचं नाही, आणि सांगितलं तरी काय होतंय?"

आत्याबाई हसल्या. "कुकू मी लावती की घरात. सूनच आणून देती. मला कोन इचारतंय? त्यासाठी न्हाई."

"मग लुगडं? नथ? घेऊन या पुढच्या वेळी."

"ते हाय समदं. पर मला ह्योच पायजे. खाटंवरनं दिसला पायजे, मनून मोठा. थोडा इस्कटला तर इस्कटू दे."

मी हट्टाला पेटले तर ऐकत नाही, पण त्यांचा हट्ट माझ्यापेक्षा जुना होता. शिवाय खाटेवरून बघणार म्हणजे आठ-दहा फुटांवरून. लांबून बघायच्या फोटोला ठिपके कमी असले तरी डोळा सांभाळून घेतो. चौकातले फ्लेक्सचे बोर्ड जवळ जाऊन बघा, नुसती रांगोळी असते, रस्त्यावरून मात्र पुढारी ओळखू येतो. म्हटलं, करून बघू. पाप मी केलं होतं, तर घामही मीच गाळायला हवा. आठ दिवसांनी या म्हणाले.

संगमनेरचं मूळ मिळतं का ते आधी शोधलं. व्हॉट्सअॅपवर पाठवला की फोटो आणखी चेपला जातो, म्हणून. सासऱ्यांनी निगेटिव्ह कधी फेकली नाही. त्यांचीच सवय मला लागली आहे, फोन बदलला की सगळं दुकानाच्या कॉम्प्युटरवर उतरवते. मूळ फोटो मिळाला. व्हॉट्सअॅपच्यापेक्षा नखभर बरा. मूळ म्हणजे काय, माल आधीच फेकून दिलेला.

मग हल्लीची ती मशीनची करामत करून बघितली. बटण दाबलं की धुरकट चेहरा लख्ख होतो. झालाही. पापण्यांचे केस आले, दात मोत्यासारखे आले, गालावरच्या सुरकुत्या एका मापाच्या झाल्या. बाई सुंदर होती. फक्त ती आत्याबाई नव्हती. आत्याबाईंचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला आहे आणि त्या मशीनला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. ठिपके नसतील तिथे ते आपल्या मनाचे भरतं. कुणाची तरी आई तयार होते, आपली होत नाही. अशी गिऱ्हाईकं मी पाहिली आहेत, जी असा फोटो आनंदानं घेऊन जातात आणि वर्षानं म्हणतात की बाबा असेच दिसायचे. मला ती भीती वाटते. मी तो फोटो पुसून टाकला.

शेवटी हातानंच केलं, सासऱ्यांनी शिकवलं तसं. सासरे काळ्या-पांढऱ्या फोटोंवर ब्रशनं काम करायचे; मी माउसनं करते, पण जीव तेवढाच जातो. कडा थोड्या मऊ केल्या. मेणासारखा भाग दिसू नये म्हणून सगळ्या फोटोवर बारीक दाणा घातला, म्हणजे डोळ्याला तो जुना फोटो वाटतो आणि माफ करतो. पार्श्वभूमीतल्या झगमगत्या माळा दाबल्या. डाव्या कडेला कुणाची तरी पांढरी बाही घुसली होती, ती कापली आणि चेहरा अजून मोठा घेतला. आत्याबाईंच्या पलीकडच्या खांद्यावर हिरव्या लुगड्यात एक मातकट डाग होता. हळदीचा असेल, किंवा मोबाईलनं रंग खाल्ला असेल. पडद्यावर एवढा मोठा केल्यावर तो बोटभर चौकोनांचा गोळा दिसत होता. बाजूचं हिरवं उचलून त्यावर भरलं. पदराचा काठसुद्धा मी जुळवून आणला, कुठं जोडलंय हे शोधून सापडणार नाही असा. त्या कामावर मी खूष झाले. मी माझ्याच कामावर सहसा खूष होत नाही.

बारा बाय पंधराचा प्रिंट काढला. जवळून बघितला तर सगळं धुक्यात होतं. दुकानाच्या दारापर्यंत मागे गेले आणि बघितलं तर आत्याबाई बसल्या होत्या, हसत होत्या, ओळखू येत होत्या. जमलं, असं मी मोठ्यानं म्हणाले.

आठ दिवसांनी त्या आल्या. मी प्रिंट समोरच्या भिंतीला टेकवून ठेवला होता आणि त्यांना मुद्दाम दाराशीच थांबवलं. "इथून बघा. जवळ जाऊ नका."

त्यांनी बघितलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, शाबासकीची वाट बघत. त्या माझं न ऐकता चालत फोटोपाशी गेल्या, कंबर धरून वाकल्या आणि खांद्यावर, मी भरलेल्या हिरव्यावर, बोट फिरवलं.

"हितलं काय झालं?"

"डाग होता तिथे. काढला."

"डाग न्हवता तो," आत्याबाई म्हणाल्या. "ह्यांचा हात हुता."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. त्या प्रिंटकडे बघतच बोलत होत्या, सावकाश, जसं एखादी हरवलेली वस्तू कुठे ठेवली होती ते सांगावं. मामा शेजारच्या खुर्चीत बसले होते. ती पांढरी बाही त्यांची. त्यांनी हात आत्याबाईंच्या खुर्चीच्या मागून घातला होता आणि पलीकडच्या खांद्यावर बोटं ठेवली होती.

"माझं लगीन झालं तवापून चार मान्सांत कदी जवळ बसलं न्हाईत," त्या म्हणाल्या. "यष्टीतबी दोन शीटं सोडून बसायचे. त्या दिशी काय झालं काय म्हाईत. मला हसू आवरंना. तवाच तू काढला."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. दहापट झूम करून मी मामांना फोटोबाहेर फेकलं होतं, आणि उरला होता तो हातही आठ दिवस खपून, काठ जुळवून, सफाईनं पुसून टाकला होता. आणि त्यांनी ते आधी का नाही सांगितलं, म्हणून मला त्यांचा रागही आला. पण कुठली बाई भाच्याच्या बायकोला असं सांगेल की मला माझा फोटो नको आहे, त्यावरचा हात हवा आहे? मोबाईलच्या इवल्याशा पडद्यावर तो हात हातासारखा दिसत होता. त्या दीड वर्ष तो बघत होत्या. मी चेहऱ्यापलीकडे बघितलंच नव्हतं आणि मोठा केल्यावर तो हात राहिला नव्हता.

"बसा," मी म्हणाले. "जाऊ नका."

कॉम्प्युटर चालू केला आणि त्या दिवसाचे सगळे फोटो उघडले. पाहुणी म्हणून गेलेली असले तरी अकरा फोटो होते. आत्याबाईंचे दोन, दोन्ही दहापट झूमचे, दोन्हीत मामा नाहीत. उरलेले ताटाचे, नवरीच्या हाराचे, कुणाच्या तरी बाळाचे. मग एक आडवा फोटो दिसला. स्टेजमागची फुलांची सजावट मला आवडली होती, अल्बमच्या कव्हरला वापरावी म्हणून मी कूलरपाशीच बसून, झूम न करता, सगळं कार्यालय एका फोटोत घेतलं होतं. वेळ बघितली. आत्याबाईंच्या फोटोच्या आधी अर्धंच मिनिट.

त्या फोटोत माणसं मुंग्यांएवढी होती. स्टेजच्या कडेच्या रांगेत हिरवा ठिपका. शेजारी पांढरा ठिपका.

आणि मग मला ते आठवलं जे मी रोज काउंटरवर बोलते. दहापट झूम म्हणजे जवळ जाणं नाही, नुसती कात्री. काच तीच, जागा तीच, मग कात्री न चालवलेल्या या फोटोतही आत्याबाई तेवढ्याच ठिपक्यांच्या असणार, ना कमी ना जास्त. झूम केल्यानं मला एक ठिपकाही जास्त मिळाला नव्हता. फक्त आजूबाजूचं सगळं गेलं होतं. इथे ते सगळं जागेवर होतं.

मी तेवढा भाग कापून बाजूला घेतला, दोघांना मावतील एवढा. मोजला: साधारण पाचशे ठिपके रुंद. या वेळी मी तो पडद्यावर फुगवला नाही. जेवढा होता तेवढाच ठेवला आणि स्क्रीन आत्याबाईंकडे वळवली.

मामा होते. पांढरा सदरा, टोपी. तोंड दुसरीकडे वळवलेलं, स्टेजकडे, अगदी गंभीर, जणू त्या लग्नाची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती. हात कुठे आहे हे त्या चेहऱ्याला माहीतच नाही असा आव. आत्याबाई नुकत्याच हसू लागलेल्या.

"बग कसं तोंड केलंय," आत्याबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय ते मला कळेना, म्हणून मी प्रिंटरकडे वळले.

"मोठा होणार नाही हा," मी पाठमोरी म्हणाले. "चार इंच. त्याच्या वर नेला की पुन्हा गोळा होईल. भिंतीवर लावला तर खाटेवरून दिसणार नाही."

"भितीवर कशाला? जवळचं दिसतंय मला. मोतीबिंदू काढलाय."

चार इंच रुंद, पाच इंच उंच काढला, तळाला कुणाच्या तरी पाठीसुद्धा राहू दिल्या. या वेळी दाणा घातला नाही, कडा मऊ केल्या नाहीत, कुठलाही डाग काढला नाही. काय डाग आणि काय माणूस, हे ठरवायची माझी हिंमत राहिली नव्हती. बारा बाय पंधराचा मोठा प्रिंट मी फाडायला घेतला तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, त्योबी दे. मी गेल्यावर लागंल लेकाला." मी गुंडाळून दिला.

छोटा फोटो मात्र त्यांनी हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला. मी खव्याचा मागचा डबा धुऊन ठेवला होता, तो शोधण्याचं निमित्त करून मागे गेले आणि परत आले तरी त्या तशाच.

"हात दिसतोय का गं तुला? का मलाच दिसतोय?" त्यांनी विचारलं.

मी वाकून बघितलं. हिरव्या खांद्यावर बोटं होती. पडद्यावर चौकोनांचा गोळा होता तो इथे, एवढ्याशा कागदावर, हात होता. "दिसतोय. बोटंसुद्धा मोजता येतात."

"मोज बरं."

"एक, दोन, तीन, चार."

"आन् अंगठा?"

"अंगठा खुर्चीच्या पाठीमागे गेला असेल. तो फोटोत नाही आला."

आत्याबाईंनी मान हलवली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "त्यो मागं हुता. पाठीवर. दाबून धरला हुता."